पांढऱ्या बशीतली मेंदी

माझ्या डाव्या हाताच्या कोपरात, आतल्या बाजूला, रुपयाएवढा एक फिकट डाग आहे. आता नीट पाहिलं तरच दिसतो. आंघोळीच्या वेळी त्याच्यावर साबण फिरला की मला आठवडी बाजारात खाली पोतं पसरून बसणारी एक बाई आठवते आणि मी मनातल्या मनात तिला हात जोडते. आधी मात्र मी तिला चारचौघांत खोटी म्हटलं होतं. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

मी गडचिरोलीत शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले तरी माझ्यातली मास्तरीण काही निवृत्त झाली नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, शेजारणीच्या मुलाचं पाठांतर, सगळं मी तपासते. रागही लवकर येतो. नवरा असताना म्हणायचा, हिचा पारा थर्मामीटरमध्ये मावत नाही. तो गेल्यावर पारा बघायला कोणी उरलं नाही, म्हणून तो आणखीच मोकाट सुटला.

त्या वर्षी माझी थोरली बहीण माझ्याकडे राहायला आली. ती बल्लारपूरची. नागपूरला तिच्या कॅन्सरवर उपचार झाले, त्यात केस पूर्ण गेले. उपचार संपून बरेच महिने झाले तेव्हा डोक्यावर पुन्हा लव आली आणि मग बोटभर केस आले. पूर्वी ताईचे केस काळेभोर आणि सरळ होते. आता आले ते पांढरेशुभ्र आणि कुरळे. आम्ही दोघी आरशासमोर उभ्या राहून खूप हसलो. हसता हसता तिने आरशाकडे पाठ केली.

तिच्या मुलीचं लग्न वडशाला ठरलं होतं, महिन्याभरावर. घरातल्यांनी तिच्यासाठी साडीच्या रंगाचे दोन रेशमी रुमाल आणले, डोक्याला बांधायला. ताईने ते घडी करून ट्रंकेत ठेवले आणि मला म्हणाली, "मले रुमाल बांधून मांडवात नाई उभं राहाचं. दोन वर्सं मी रुमालच बांधून राह्यली. पोरीच्या लग्नात लोकायनं मले पाहावं, माया बिमारीले नाई."

केसांना रंग लावायचा असं तिने ठरवलं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रासायनिक रंग अजिबात नको, डोक्याची कातडी अजून नाजूक आहे. शुद्ध मेंदी चालेल, पण निव्वळ मेंदी, आणि आधी हातावर लावून दोन दिवस वाट पाहायची. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. "शुद्ध" या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. शुद्ध आणि अशुद्ध मला कोणी शिकवायची गरज नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

आठवडी बाजारात भाजीच्या ओळीच्या शेवटी ती बाई बसायची. जंगलाकडच्या गावातून पहिल्या गाडीने यायची. साठीची असेल, अंगाने काटक, हातावर हिरवं गोंदण. समोर पोत्यावर हिरडा, बेहडा, शिकेकाईच्या शेंगा, रिठे, वाळलेला माका, मेंदीचा पाला, सगळं आख्खं. मी तिला मेंदीची पूड मागितली.

"पूड नाई ठेवत मी, म्याडम. पाला न्या. घरी कुटा, चाळा."

"आजच्या काळात कोण कुटत बसतं, बाई?"

"मंग ज्याले कुटाचं नाई, त्याले मी देत नाई," ती शांतपणे म्हणाली. "पुडीत काय हाय ते मले दिसत नाई, तुमाले बी नाई दिसत. पाला दिसते."

मला ते उर्मटपणाचं वाटलं. मी पाला हातात घेऊन पाहिला. मळकट, करडा हिरवा, मधे मधे काड्या. आम्हा शिकलेल्यांच्या डोक्यात हिरवं म्हणजे ताजं असं पक्कं बसलेलं असतं. मी चारचौघांत मोठ्याने म्हटलं, "हा तर मागच्या वर्षीचा माल दिसतो. रंगच नाही याला. आजारी बहिणीच्या डोक्याला लावायचंय मला, असा जुना माल खपवू नका."

आजूबाजूच्या दोन-तीन बायकांनी वळून पाहिलं. एकीने हातातल्या शेंगा खाली ठेवल्या आणि पुढे गेली. त्या बाईने माझ्या हातातला पाला परत घेतला, दोन तळव्यांत जरा चोळला, नाकाशी नेला, हुंगला आणि पोत्यावर ठेवून दिला. मी तरातरा घरी आले आणि मोबाइल उघडला.

मोबाइलमध्ये काय नाही! हिरवागार डोंगर, त्यावर दवाचे थेंब, पाठमोरी लांब केसांची मुलगी. "शंभर टक्के नैसर्गिक", "अर्ध्या तासात गडद रंग", खाली चांदण्यांची रांग. मी लोकांच्या प्रतिक्रिया वाचल्या. सगळ्या सारख्याच होत्या, "खूप छान प्रॉडक्ट" आणि "पॅकिंग सुंदर". वर्गात दहा मुलांनी सारखं उत्तर लिहिलं असतं तर मी दहाही जणांना उभं केलं असतं. इथे मात्र माझा विश्वास बसला. भाची फोनवर म्हणाली की केस वाढायला रोजमेरीचं तेल चांगलं, तर त्याच दुकानातून त्या तेलाची एक बाटलीही मागवली. त्या दुकानात रोजमेरी, चंदन, गुलाब, निलगिरी, सगळ्या तेलांची किंमत एकच होती. चंदन आणि निलगिरी एकाच भावात कसं मिळेल, हा प्रश्न सहावीतल्या पोरालाही पडला असता. मला नाही पडला.

आणि याची लाज मला अजून वाटते. ज्या जिल्ह्यात घरोघरच्या कुंपणाला मेंदी लावलेली असते, जिथून शिकेकाईची पोती भरभरून बाहेर जातात, तिथे बसून मी मेंदी मागवत होते कुठल्या तरी लांबच्या शहरातून. आमच्याकडे हे सर्रास चालतं. पोत्यावरची वस्तू ती जंगलाची, म्हणून हलकी. तीच पाकिटात घालून परत आली की चांगली. जंगलाच्या इतक्या जवळ राहून जंगलाची लाज बाळगण्याची चूक आमच्यासारखे लोकच करू जाणोत.

पार्सल आलं. ताईने लहान मुलीसारखं ते माझ्या हातून ओढून घेतलं. पाकीट कापलं तर आत पोपटासारखी हिरवी, रेशमासारखी मऊ पूड. वासही गोड, अत्तरासारखा. "पाह्य ना, कशी हिरवी हाय!" ताई म्हणाली. माझी छाती फुगली. उद्या सकाळी हातावर लावून बघायची, मग दोन दिवसांनी डोक्याला, असं ठरलं.

पण सकाळी बाजाराचा दिवस होता आणि घरात भाजी नव्हती. मी मुद्दाम तिकडून जाणार नव्हते, पण चांगली वांगी त्याच ओळीत होती. तिने मला लांबूनच ओळखलं आणि हाक मारली.

"ओ म्याडम! त्या बिमार ताईले लावली का मेंदी?"

मला अपेक्षा होती टोमण्याची. तिचा प्रश्न मात्र साधा होता, काळजीचा. मी ताठ मानेने सांगितलं, "ऑनलाइन मागवली. एकदम हिरवीगार आहे. आज हातावर लावणार."

"हिरवीगार," ती म्हणाली. "मेंदीचा पाला सावलीत वाळवला तरी त्याचा रंग उतरतेच जी. उन्हात तं आणखीच उतरते. मंग तुमच्या पुडीचा काऊन नाई उतरला?"

मी वांग्यांच्या ढिगाकडे वळले.

"एक काम करा. चिमूटभर पूड पांढऱ्या बशीत घ्या, साधं पाणी टाका आन् पाहा. लगेच हिरवं पाणी सुटलं तं समजा रंग टाकला हाय. मेंदीचं पाणी हळूहळू पिवळं, तांबूस होते. आन् हातावर लावाचं तं आधी तुमच्या हातावर लावा. तिच्या नोका लावू. तिनं लय सोसलं असन."

मी घरी आले ती तिला खोटं पाडायलाच. मनात म्हटलं, विज्ञान मला शिकवते का ही! ताईला खुर्चीत बसवलं आणि स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केली. चहाची पांढरी बशी, चिमूटभर पूड, चमचाभर पाणी. मी पाणी ओतून वळते न वळते तोच ताई म्हणाली, "अव्वा, हे तं होळीच्या रंगावानी झालं." बशीत हिरवा रंग पसरत होता, पाण्यात शाई सांडावी तसा. पांढऱ्या रुमालाचं टोक ओलं करून त्यावर पूड चोळली, तिथेही हिरवा डाग उमटला आणि कडेने निळसर पसरला. मग मी ग्लासभर पाण्यात चमचाभर पूड ढवळून ठेवली. थोड्या वेळाने तळाशी बारीक रेती बसली. बोटांत घेऊन चोळली तर दाताखाली खडा यावा तशी करकर लागली.

तरीही माझं मन मानेना. इतके पैसे दिले, पाकीट इतकं सुंदर, काहीतरी चुकत असेल माझंच. म्हणून ती पूड पाण्यात कालवून मी माझ्या डाव्या हाताच्या कोपरात लावली. अर्ध्या तासात धुतली. डाग पडला होता तो काळपट तपकिरी. खरी मेंदी पहिल्या दिवशी केशरी उमटते, दुसऱ्या दिवशी गडद होते. अर्ध्या तासात काळी पडणारी मेंदी नुसती मेंदी नसते. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी म्हटलं, चला, रंग तरी लवकर चढतो.

बाटलीचीही परीक्षा घेतलीच. बाटली पारदर्शक प्लास्टिकची होती. असली तेलं गडद रंगाच्या काचेत ठेवतात, उजेडाने आणि प्लास्टिकने ती खराब होतात. वर कुठे वनस्पतीचं शास्त्रीय नाव नाही, बॅच नंबर नाही, तयार केल्याची तारीख नाही. कोऱ्या कागदावर एक थेंब टाकला आणि शेजारी वाफ घ्यायला आणलेल्या माझ्या जुन्या निलगिरी तेलाचा एक थेंब टाकला, म्हणजे तुलना करता येईल. दुसऱ्या दिवशी निलगिरीचा थेंब उडून गेला होता, कागद कोरा. रोजमेरीच्या थेंबाचं मात्र भज्याच्या कागदासारखं तेलकट वर्तुळ. खाण्याचं नाहीतर कसलं तरी जड तेल त्यात घातलेलं होतं. इथे मास्तरीण म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. कागदाची ही परीक्षा फक्त जड तेल पकडते. चंदनासारखी काही शुद्ध तेलंही कागदावर खूण ठेवतात, आणि कारखान्यात बनवलेला नकली सुगंध कागदावरून स्वच्छ उडून जातो. तो पकडायला मोठ्या प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. कागद स्वच्छ राहिला म्हणजे तेल शुद्ध, असं समजू नये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताला खाज सुटली. तिसऱ्या दिवशी कोपर लाल झालं, सुजलं, त्यावर बारीक पाणीदार फोड आले. त्वचेच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, "यापूर्वी केसांना काळा रंग लावायच्या का?" वीस वर्षं लावला होता. ते म्हणाले, अशा मेंदीत बहुतेक वेळा केस काळे करायचं तेच रसायन मिसळलेलं असतं आणि अंग ते ओळखून चिडतं. माझ्या पाकिटात नेमकं काय होतं, हे तपासून घेतल्याशिवाय मी छातीठोक सांगू शकत नाही. हाताने जे सांगितलं ते मला पुरेसं होतं.

घरी आल्यावर ताईने माझा हात मांडीवर घेऊन त्यावर मलम लावलं. लावता लावता तिचा दुसरा हात आपोआप स्वतःच्या डोक्याकडे गेला, त्या पांढऱ्या कुरळ्या केसांकडे. त्या बाईने हाक मारली नसती तर आज माझ्या कोपराच्या जागी ताईचा हात असता, आणि कदाचित डोकंही. मला रडू आलं. ताई म्हणाली, "आता काय झालं? हात माया थोडीच हाय." मग दोघीही रडलो आणि दोघीही हसलो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी सकाळीच तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. वांग्यांचं नावही काढलं नाही. हाताची पट्टी दाखवली आणि म्हटलं, "बाई, मी त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं म्हटलं. आज सगळ्यांसमोर सांगते, खोटी मीच होते. माफ करा."

तिने पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "लय दुखते का?"

"नाही."

"ताईले तं नाई लावलं ना?"

"नाही."

"मंग झालं," ती म्हणाली आणि हसली. पान खाऊन रंगलेले दात दिसले. "तुमी बी काय करान, म्याडम. डोळ्यायनं पाहून घेतलं तुमी. डोळे लवकर फसतात. नाक उशिरा फसते."

मग तिने मला शिकवलं. मी तीस वर्षं शिकवलं, पण त्या दिवशी पोत्यासमोर उकिडवी बसून शिकले. पाला हातात घ्यायचा, पानं पाहायची. मेंदीचं पान लहान, टोकदार, मधे शीर. दुसऱ्या झाडाचा पाला मिसळला असेल तर आख्ख्या पानांत तो दिसतो, पुडीत दिसत नाही. म्हणूनच ती पूड ठेवत नव्हती. मग ओल्या तळव्यावर पान चोळायचं आणि थोडा वेळ थांबायचं. तिने माझ्या तळव्यावर चोळलं आणि घरी जाईपर्यंत तिथे केशरी खूण उमटली होती. वास वाळल्या गवतासारखा, जरा मातीचा हवा, अत्तराचा नको. शिकेकाईच्या शेंगा तिने कानाजवळ वाजवून दाखवल्या, आतल्या बिया खुळखुळल्या. "हे कुटताना तुमाले शिंका येतीन. नाई आल्या तं मले येऊन भांडजा," ती म्हणाली. "आन् फेस थोडाच येईन. पाकिटातल्या शिकेकाईले साबणावानी फेस आला तं त्यात साबणच असते."

मी सावलीत वाळवलेला पाला भरपूर घेतला. निघताना तिने मागून ओरडून सांगितलं, "घरीच कुटजा! चक्कीवर नेलं तं आधी काय दळलं ते इचारजा!"

मी ऐकलं. म्हणजे कानांनी ऐकलं. घरी आल्यावर वाटलं, एवढा पाला कुटायला संध्याकाळ होईल, आणि ताईला तर आजच हातावर लावून बघायची घाई. अर्धा पाला पिशवीत घातला आणि मसाला कांडायच्या चक्कीवर गेले. तिथे लग्नसराईची गर्दी. चक्कीवाल्या भाऊंनी पाच मिनिटांत दळून दिलं. मी काहीही विचारलं नाही. घरी येऊन कालवली आणि या खेपेला उजव्या हाताच्या कोपरात लावली. डाव्याची पट्टी अजून सुटायची होती.

पाच मिनिटांत हात पेटला. खरंच पेटला. मी नळाखाली हात धरून उभी आणि ताई विचारते, "आता काय झालं वं?" मी पूड जिभेच्या टोकाला लावली आणि ठसका लागला. मिरची! माझ्या आधी कोणाच्या तरी लग्नाची मिरची कांडली होती. चक्कीवाल्याने काही खोटं केलं नव्हतं, तो दिवसभर मिरच्याच कांडत होता. त्या बाईनेही केलं नव्हतं. शुद्ध पाल्यात भेसळ केली ती मी, माझ्या घाईने, माझ्याच पैशांनी, वर त्याला दळणावळही दिली.

ताईला इतकं हसू आलं की तिला खाली बसावं लागलं. "डाव्या हाताले ऑनलाइन, उजव्या हाताले चक्की! आता पायच उरले बाप्पा तुये!" किती दिवसांनी ती अशी पोट धरून हसली होती. मी नळाखाली हात धरून तिच्याकडे बघत होते. हात जळत होता आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही.

उरलेला अर्धा पाला आम्ही दोघींनी घरात कुटला. खलबत्ता मी धुतला, मग ताईने परत धुतला, माझ्यावर तिचा भरवसा राहिला नव्हता. काड्या निवडल्या. कुटलेली पूड जुन्या मलमलीच्या कपड्यातून वस्त्रगाळ केली. पांढऱ्या बशीत चिमूटभर टाकली. पाणी बराच वेळ तसंच राहिलं, मग कडेने पिवळसर झालं, मग तांबूस. हिरवा रंग कुठेच नाही. माझ्या मांडीवर लावली, कारण हात खरोखरच उरले नव्हते. काही झालं नाही. मग ताईच्या हातावर लावली आणि दोन दिवस थांबलो. ती दर तासाला हात उजेडात नेऊन बघायची. दोन दिवसांनी तिथे स्वच्छ केशरी डाग होता आणि बाकी कातडी जशीच्या तशी.

त्या दुपारी मी ताईच्या डोक्याला मेंदी लावली. लहानपणी ती माझ्या वेण्या घालायची. मी चुळबूळ केली की फणीने टपली मारायची. आज तिचं डोकं माझ्या हातात होतं, बोटभर केसांखालची कातडी लहान बाळाच्या टाळूसारखी वाटत होती. मी अगदी हळू लावत होते. ती म्हणाली, "लाव बिनधास्त. मले आता भ्या नाई वाटत." मला वाटत होतं. धुवेपर्यंत मी दर पाच मिनिटांनी विचारत होते, जळते का, खाजते का, सांग ना. शेवटी ती म्हणाली, "चूप बस, नाई तं तुयी जीभ बी या पुडीत कुटतो."

काही जळलं नाही, काही खाजलं नाही. पांढरे केस मेंदीने काळे होत नसतात. ते झाले केशरी, पळसासारखे केशरी. आरशात पाहून ती आधी दचकली, मग वळून वळून पाहत राहिली.

वडशाच्या मांडवात ती रुमालाशिवाय उभी राहिली. डोक्यावर पदरही घेतला नाही. पाहुण्यांनी पाहिलं, कोणी हसलं असेल, कोणी कुजबुजलं असेल. एका विहीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "रंग लय सुंदर हाय, कुठून मागवला?" मी त्यांना बाजाराच्या ओळीचा पत्ता सांगितला. घरी आल्यावर त्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर बशीचा, कागदाचा आणि माझ्या कोपराचा फोटो टाकला. चांदण्यांच्या रांगेत माझी एकच चांदणी आहे, पण आहे.

लग्नानंतर ताई बल्लारपूरला परतायच्या आधी म्हणाली, "मले त्या बाईले पाहाचं हाय." मी तिला बाजारात घेऊन गेले. ती बाई शेंगा निवडत होती. मी काही सांगायच्या आत ताई तिच्यासमोर खाली बसली, पोत्याच्या कडेला, आणि डोकं पुढे केलं.

बाईला कळलं. तिने शेंगा खाली ठेवल्या, हात पदराला पुसले. त्या केशरी केसांवर दोन्ही तळवे ठेवले आणि पाला चोळते तसे जरा चोळले. मग तिने वाकून ताईचं डोकं हुंगलं.

"हां," ती माझ्याकडे पाहून म्हणाली. "पालाच हाय."